मागच्या वर्षी काही झालं नव्हतं : तारेवर अडकलेल्या मांजाचं गणित

उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या माणसाला संक्रांत दिसत नाही, ऐकू येते. मी ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर आणणाऱ्या, म्हणजे ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून बरीच वर्षं काढली. दुपारी चारच्या पुढे, ऊन कलून वारा लागला की आकाश पतंगांनी भरतं, आणि इकडे आत एखादा ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, 'धाड' करून उघडतो. घंटा वाजते, पॅनेलवर रिलेचा, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या यंत्राचा, झेंडा पडतो : अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीकडे गेली, किंवा ओव्हर करंट, म्हणजे प्रमाणाबाहेर वाहिली. वेळ रजिस्टरमध्ये लिहायची, रिले रिसेट करायचा, फिडरवर, म्हणजे त्या ब्रेकरमधून बाहेर जाणाऱ्या लाइनवर, कुणी काम करत नाही ना याची खात्री करायची आणि दोन-तीन मिनिटांत तो पुन्हा चालू करून बघायचा. याला आम्ही टेस्ट चार्ज म्हणतो. मांजाचा फॉल्ट असेल तर बहुतेक वेळा फिडर टिकतो, कारण तोवर तारेवरचा तुकडा जळून गेलेला असतो.

त्या दोन-तीन मिनिटांत बाहेर काय चालतं ते मला निवृत्तीनंतर आमच्याच गच्चीवर कळलं. लाइट गेली तशी चार गच्च्यांवरून आरोळी उठली, "लाइट गेलीय, ओढ आता!" शेजारच्या गच्चीवरचा मुलगा कठड्यावर वाकून तारेवरचा मांजा दोन्ही हातांनी खेचायला लागला. तार मेली असा त्याचा समज. मला मात्र त्या क्षणी उपकेंद्रात एक माणूस स्विचकडे हात नेताना दिसत होता. घरातली लाइट गेली याचा अर्थ तारेत वीज नाही, असा होत नाही. ती पुढच्या सेकंदाला परत येऊ शकते. गेलेली वीज खालच्या लघुदाब तारांतली असू शकते आणि वरच्या उच्चदाब तारा चालूच असू शकतात. शिवाय एखाद्या दुकानाचा जनरेटर नीट चेंजओव्हर न लावता जोडलेला असेल, तर तो उलट दिशेने तारेत वीज सोडतो.

मी ओरडून त्याला थांबवलं. त्याचं उत्तर मी आधीही शंभरदा ऐकलेलं होतं : "काका, मागच्या वर्षीपण असाच काढला होता. काहीच झालं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. काही झालं नसेलच. म्हणून तर हे गणित एकदा मांडून बघायला हवं.

सुती दोरा कोरडा असेल तर वीज फारशी वाहू देत नाही, हे खरं आहे. पण मांजा म्हणजे नुसता दोरा नसतो. त्याला खळ असते, रंग असतो, काचेची भुकटी असते आणि काही मांजांत धातूची भुकटीही मिसळलेली असते. दिवसभर तो हाताच्या घामातून आणि धुळीतून सरकत असतो. संध्याकाळी दव पडायला लागलं की सूत ओलावा धरतं. नायलॉनचा मांजा पाणी कमी पितो, पण त्याच्यावरचा लेप ओला होतोच. थोडक्यात, तुमच्या हातातला मांजा वीज किती अडवेल, हे तो बनवणारा सांगू शकत नाही आणि तुम्हीही बघून ओळखू शकत नाही. एकाच फिरकीतला मांजा दुपारी एक असतो आणि संध्याकाळी दुसराच असतो.

आता समजा, तारेपासून तुमच्या बोटांपर्यंतच्या मांजाचा एकूण रोध २ लाख ओहम आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय. खरा मांजा याच्या कितीतरी वर किंवा खाली असू शकतो. हा मांजा गल्लीतल्या लघुदाब तारेवर पडला. तिथे तार आणि जमीन यांच्यात २३० व्होल्ट असतात. २३० भागिले २ लाख, म्हणजे साधारण १ मिलिअँपिअरच्या आसपास. बोटांना किंचित मुंग्या आल्यासारखं वाटेल, नाहीतर तेवढंही कळणार नाही. मांजा सुटला, पतंग हातात आला, गोष्ट संपली. 'काहीच झालं नाही' ते हे.

पुढच्या वर्षी तोच मुलगा, तसाच मांजा, फक्त तार वेगळी : ११ केव्हीची. ११ हजार व्होल्ट हे दोन तारांमधले. एक तार आणि जमीन यांच्यात साधारण ६,३५० व्होल्ट येतात. ६,३५० भागिले २ लाख म्हणजे ३२ मिलिअँपिअर. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडायला लागतात, धरलेली वस्तू सोडायची म्हटली तरी सुटत नाही. ३० च्या आसपास श्वासाचे स्नायू जखडू शकतात आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. घरातला करंट गळतीचा स्विच, ज्याला आपण ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो, तो ३० मिलिअँपिअरला पडेल असा बनवतात, तो याच कारणासाठी. मांजा तोच, हात तोच, पण एका तारेवर नुसत्या मुंग्या आणि दुसरीवर जिवाशी गाठ.

म्हणून मागच्या वर्षीचा अनुभव या बाबतीत काहीच शिकवत नाही. उलट तो धीट करतो, आणि धीट झालेला मुलगा पुढच्या वेळी थोडी जास्त जोरात ओढतो.

इथे कुणी हमखास विचारतं, की मग फिडर ट्रिप होईल ना? फ्यूज जाईल ना? नाही होणार. माझ्या पॅनेलचंच उदाहरण देतो. २०० अँपिअरचा सीटी, म्हणजे लाइनमधला करंट मोजून रिलेला देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, आणि अर्थ फॉल्ट रिलेची सेटिंग २० टक्के, म्हणजे जमिनीकडे ४० अँपिअर जायला लागले तर रिले जागा होणार. तुमच्या हातातून जाणारे ३२ मिलिअँपिअर म्हणजे ०.०३२ अँपिअर. हजार पटींहून जास्त फरक आहे. त्या रिलेच्या दृष्टीने एक माणूस मांजा धरून थरथरतोय ही घटना घडलेलीच नसते. रिले तार आणि ट्रान्सफॉर्मर वाचवायला बसवलेला असतो. आणि तुमच्या घरातला ३० मिलिअँपिअरचा स्विच फक्त तुमच्या मीटरच्या पुढच्या वायरिंगवर पहारा देतो, गल्लीतल्या तारेशी त्याचा काही संबंध नाही.

मग संक्रांतीला फिडर इतक्यांदा ट्रिप का होतात? ते वेगळ्या कारणाने होतात, आणि तो या गोष्टीचा दुसरा धोका आहे.

दोन खांबांच्या मधली तार ताणलेल्या तंतूसारखी सरळ नसते, तिला झोळ दिलेला असतो. उन्हाने तार लांबते, थंडीत आखडते, त्यासाठी तो लागतोच. हा झोळ मध्यभागी सगळ्यात जास्त असतो, म्हणजे तिथेच तार हलवायला सगळ्यात सोपी असते. लघुदाब लाइनवर शेजारशेजारच्या तारांत जेमतेम फूटभर अंतर असतं. खालून कुणी मांजाला हिसका दिला की एक तार झुलते आणि दुसरीवर आपटते. दोन फेज एकमेकांना टेकल्या की निळा-पांढरा जाळ होतो, ॲल्युमिनिअमचे वितळलेले थेंब खाली पडतात आणि कधी तार तिथेच तुटते. मधोमध तारांना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या स्पेसर, तारा आपटू नयेत म्हणूनच लावतात. पण त्या सगळीकडे नसतात, आणि जुन्या झाल्या की तुटून पडतात. सुती मांजा निदान हिसक्याला तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, म्हणून तो तार ओढून आणतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि काचेच्या मांजावर बंदी घातली. तिच्यामागे पक्षी आणि गळे कापले गेलेली माणसं होती, पण आमच्यासारख्या वीजवाल्यांनाही तिचा तेवढाच उपयोग आहे. चमकीचे पतंग, म्हणजे चांदीसारख्या चकचकीत प्लास्टिकचे, त्यांच्यावर धातूचा थर असतो. असा पतंग दोन तारांमध्ये पडला तर हिसक्याचीही गरज नाही, तो स्वतःच शॉर्ट करतो.

आता मुळात मांजा तारेवर जातो कसा, ते बघू. लोकांना वाटतं पतंग तारेत अडकतो. कधीकधी तसंही होतं, चढवताना किंवा उतरवताना. पण माझ्या पाहण्यात जास्त वेळा तारेवर पडतो तो कटलेल्या पतंगामागे उरलेला मांजा.

पतंग हवेत आहे, शंभर मीटर मांजा बाहेर आहे, मांजा साधारण पंचेचाळीस अंशात वर गेलाय. तुमच्यापुढे तीस मीटरवर खांबांची लाइन आहे. मांजा तिच्या वरून वीसेक मीटर उंचीने जातोय. तुम्ही निर्धास्त, कारण तार कुठे आणि मांजा कुठे. तेवढ्यात समोरचा ढील देऊन तुमचा पतंग काटतो. ओ काट! त्या क्षणी मांजाला वर धरून ठेवणारं काही उरत नाही. तो वाऱ्यासोबत पुढे वाहत हळूहळू खाली बसायला लागतो. तुम्ही फिरकीवर गुंडाळताय, पण शंभर मीटर गुंडाळायला मिनिटभर तरी लागतं आणि मांजाला खाली यायला तेवढा वेळ लागत नाही. उरलेले साठ-सत्तर मीटर बरोबर त्या लाइनवर आडवे पडतात, आणि तुम्ही गुंडाळतच असता. तारेवर घासत, अडकत येणारा मांजा, आणि त्याचं दुसरं टोक तुमच्या बोटात.

येवल्याकडे फिरकीऐवजी आसारी वापरतात, तिच्यावर मांजा भराभरा गुंडाळला जातो. ती बघताना मला नेहमी वाटतं की पतंगापेक्षा हीच शिकायला हवी. अर्थात तिनेही सगळा मांजा वेळेत येतोच असं नाही.

यातून एक साधा नियम निघतो : लाइन तुमच्या पाठीमागे हवी, पुढे नाही. पुढे म्हणजे वारा ज्या दिशेला जातो तिकडे. थोडी माती हातातून सोडून बघा, ती जिकडे जाईल तिकडे तुमचा मांजा पडणार आहे. त्या बाजूला, तुम्ही जेवढा मांजा सोडणार आहात तेवढ्या अंतरात तार नको. गावाबाहेरचं मैदान असेल तर हे जमतं. दाटीच्या वस्तीतल्या गच्चीवर जमत नाही, हे मला माहीत आहे. तिथे निदान मांजा कमी सोडा आणि ज्या गच्चीच्या पुढून उच्चदाब लाइन जाते त्या गच्चीवरून उडवूच नका. रेल्वेमार्गाच्या कडेला तर अजिबात नको. तिथल्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, आणि कटलेल्या पतंगामागे धावणारा मुलगा वर बघत असतो, रुळांकडे नाही.

उच्चदाब लाइन ओळखायची कशी? लघुदाब लाइनच्या चार-पाच तारा साधारणपणे एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या जातात आणि त्यांना छोट्या डमरूसारख्या चिनी मातीच्या चिमण्या असतात. ११ केव्हीच्या तारा तीनच असतात, बहुधा त्रिकोणात किंवा आडव्या ओळीत, मोठ्या पिन इन्सुलेटरवर. खांबावरच्या लाल पाटीवर कवटीचं चित्र आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं. गंमत अशी की अनेक गल्ल्यांत एकाच खांबावर दोन्ही असतात, वर ११ केव्ही आणि खाली लघुदाब. तुमचा मांजा खालच्या तारेवर दिसतोय, पण त्याचं दुसरं टोक वरच्या तारेला टेकलंय का, हे जमिनीवरून संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. म्हणून ओळखता आली तरी त्या ओळखीवर मांजा ओढायचा निर्णय घेऊ नका. ओळख फक्त फोनवर सांगायला कामाची. काळं आवरण असलेल्या पिळाच्या केबललाही तेच लागू. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं आवरण कुठे फाटलंय ते खालून कळत नाही.

तरी मांजा अडकला तर? शेजारच्या त्या मुलाचीच गोष्ट पुढे सांगतो, कारण त्या संध्याकाळी आम्ही सगळं टप्प्याटप्प्याने केलं.

पहिलं, मी त्याला हातातला मांजा सोडायला लावला. गुंडाळायचा नाही, तोडायचा नाही, फक्त सोडायचा. तोडायला गेलं तर पुन्हा पकडावा लागतो, आणि कात्री किंवा ब्लेड म्हणजे हातात धातू. फिरकी जिथे होती तिथे खाली पडू दिली. बोटांत थोडीशीही झिणझिण जाणवली तर हे लगेच करायचं, 'एकदा बघू' म्हणायचं नाही.

दुसरं, तो मांजा आता तारेपासून आमच्या कठड्यापर्यंत आलेला होता. म्हणजे तो सोडून धोका संपत नाही, फक्त हातातून जातो. त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा, विशेषतः लहान मुलाचा, पाय किंवा हात पडू शकतो. आम्ही सगळ्यांना खाली पाठवलं आणि गच्चीचं दार बाहेरून लावून घेतलं. मांजाचं एक टोक रस्त्यावर लोंबत होतं, तिथे दुचाकीवाल्याच्या गळ्याला लागण्याची भीती. मांजाला हात न लावता दोघं जण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि येणाऱ्यांना थांबवून बाजूने काढत राहिले.

तिसरं, पतंग वाचवायला पुढे आलेले सगळे उपाय आम्ही नाकारले. एकाने बांबू आणला. सुका बांबू वीज वाहत नाही, असं तो म्हणाला. गच्चीवर वर्षभर पडलेला, दवात भिजलेला बांबू सुका नसतो. आणि अंतराचं बघा : ११ केव्हीची तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर हवी, असा नियम आहे. हे अंतर भिंतीसाठी आहे. कठड्यावर वाकलेल्या माणसाचा हात पाऊण मीटर जातो, त्यात बांबू दोन मीटरचा. नियमातलं अंतर तिथेच संपलं. दुसऱ्याने रबरी हातमोजे आणले, भांडी घासायचे. लाइनवर वापरायचे हातमोजे वेगळे असतात, त्यांच्यावर किती व्होल्टला चालतील ते लिहिलेलं असतं आणि त्यांचीही ठरावीक काळाने चाचणी होते. दोऱ्याला दगड बांधून तारेवर फेकणं हा पोरांचा आवडता उपाय, पण त्याने नवा दोरा अडकतो आणि तार झुलते, म्हणजे वर सांगितलेले दोन्ही धोके एकदम. खांबाला हात लावणं, ताण तारेला धरून वर चढणं, हेही तसंच. खांब लोखंडी असेल आणि एखादी चिमणी फुटलेली असेल, तर खांबच चालू असू शकतो.

चौथं, फोन. महावितरणचा २४ तास चालणारा तक्रार क्रमांक १९१२. फोनवर 'तारेवर पतंग अडकलाय' एवढंच सांगितलं तर तुमचा नंबर यादीत बराच खाली जाईल, संक्रांतीला अशा शेकडो तक्रारी असतात. उपयोगाची माहिती म्हणजे जागा, खांबावर रंगवलेला क्रमांक, जवळच्या डीपीचं नाव किंवा नंबर, तारा वरच्या की खालच्या, ठिणग्या पडताहेत का, तार खाली लोंबतेय का, आणि मांजा माणसाच्या हाताला येईल एवढा खाली आहे का. यातला शेवटचा मुद्दा लोक सांगत नाहीत आणि तोच सगळ्यात तातडीचा असतो. आम्ही तो आधी सांगितला.

जनमित्र तासाभराने आला. लाइनमनला आता हेच नाव आहे. त्याने आल्या आल्या काठी घालून मांजा काढला नाही, म्हणून गल्लीतले काही जण वैतागले. त्याने आधी उपकेंद्रात फोन लावला. तिथल्या ऑपरेटरने फिडर बंद केला, स्विचवर 'माणसं काम करत आहेत' ही पाटी अडकवली आणि परमिट दिलं, म्हणजे परत कळवेपर्यंत फिडर चालू होणार नाही अशी नोंद. मग याने गल्लीच्या तोंडाचा एबी स्विच, म्हणजे लाइन तोडणारा खांबावरचा स्विच, उघडून कुलूप लावलं. तार मेली आहे हे टेस्टरने तपासलं. त्यानंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेला दांडा, तिन्ही तारांवर अडकवला. हा रॉड महत्त्वाचा : कुठून जनरेटरची वीज आली किंवा कुणी चुकून फिडर चालू केला, तरी ती वीज माणसातून न जाता या रॉडमधून जमिनीत जाते आणि फिडर लगेच पडतो. एवढं झाल्यावर त्याने मांजा हाताने काढला, तो काढायला दोन मिनिटं लागली. तयारीला आणि परत चालू करायला पस्तीस.

या पस्तीस मिनिटांत आसपासच्या सगळ्या घरांत वीज नव्हती. म्हणूनच हाताला न येणारा, ठिणग्या न पाडणारा मांजा लगेच काढायला ते येतीलच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ठरवून वीज बंद असेल तेव्हा काढतात, आणि ते बरोबर आहे. चिडायचं कारण नाही. तोवर खालची जागा मोकळी ठेवली की पुरे.

तारच तुटून खाली पडली असेल तर मांजाचा विचार सोडा. पडलेली तार चालू आहे असंच धरायचं. तिच्याभोवतीच्या जमिनीतही वीज पसरलेली असते, आणि जवळ टाकलेल्या दोन पावलांमध्ये फरक पडून झटका बसू शकतो. दहा मीटर तरी लांब राहा. आधीच जवळ असाल तर पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता घासत घासत मागे या. धावायचं नाही.

कुणी मांजा धरून आखडलाय असं दिसलं तर त्याला ओढायला जाऊ नका. हे सांगायला जड जातं, पण उच्चदाब तारेपाशी गेलेला दुसरा माणूसही त्याच्याशेजारी पडतो. गल्लीतल्या तारेचा स्विच तुमच्या हातात नसतो. १९१२ ला आणि १०८ ला एकाच वेळी दोघांनी फोन करा आणि सांगा की माणूस लाइनला चिकटलाय, म्हणजे उपकेंद्रातून फिडर आधी बंद होतो. तो मांजापासून पूर्ण सुटून बाजूला पडला, आणि मांजा किंवा तार त्याच्याजवळ नाही, अशी खात्री पटली तरच जवळ जा. हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट नाही असं दिसलं तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, छाती पाचेक सेंटीमीटर दबेल इतकं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. तो उठून बसला आणि 'ठीक आहे' म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. विजेच्या झटक्यानंतर हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. बोटावर छोटासा डाग दिसतो, पण आतलं भाजलेलं मोठं असू शकतं.

संक्रांत होऊन गेल्यावर तारांवर मांजाचे तुकडे लोंबत राहतात. सुताचे कुजून, उन्हाने विरून जातात. नायलॉनचे महिनोन्‌महिने तसेच राहतात, इन्सुलेटरभोवती गुंडाळलेले, धूळ खात. उन्हाळाभर त्यांचा काही त्रास नसतो, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. जूनमध्ये पहिली सर येते, तुकडा आणि धूळ भिजते आणि फिडर जातो. पेट्रोलिंगला गेलेला लाइनमन खांबावरून खाली येतो आणि मुठीतला निळा-हिरवा गुंता ऑपरेटरच्या टेबलावर टाकतो. माझ्या रजिस्टरमध्ये ट्रिपिंगचं कारण म्हणून 'मांजा' हा शब्द जानेवारीइतकाच जूनमध्येही असायचा. तुमच्या गच्चीसमोरच्या तारेवर असा तुकडा दिसत असेल तर मेच्या आत खांब क्रमांकासह कळवा. तेव्हा पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी तसंही लाइन बंद ठेवतात, आणि तो काढायला वेगळं परमिट लागत नाही.